ड्रॉइंगमधील न उलगडलेली लघुरूपे: अनुवाद सुरू करण्यापूर्वी कंपनीला पाठवायची ई-मेल

अभियांत्रिकी कंपनीकडून अनुवादासाठी चालन व देखभाल पुस्तिका येते, तेव्हा तिच्यासोबत बहुधा काही ड्रॉइंग्ज असतात. पुस्तिकेत पूर्ण वाक्ये असतात, पण ड्रॉइंगवर जागा कमी असल्याने दोन-तीन अक्षरांतच सगळे सांगितलेले असते. ती अक्षरे ड्रॉइंग काढणाऱ्याच्या अंगवळणी पडलेली असतात, त्यामुळे ती कोणाला अडतील असे त्याच्या मनातही येत नाही. अनुवादकाला मात्र त्यांतील काही अक्षरांचे दोन-दोन अर्थ दिसतात आणि दोन्ही अर्थ त्याच यंत्रणेत बसणारे असतात. अशा वेळी काम हाती घेण्याआधी कंपनीला एक नेमकी ई-मेल पाठवावी लागते. ती कशी तयार करावी, हे एका प्रसंगाच्या आधारे पाहू.

प्रसंग उदाहरणासाठी रचलेला आहे, पण त्यातील लघुरूपे नेहमी दिसणारी आहेत. पुण्याजवळची एक कंपनी एका दूध प्रक्रिया प्रकल्पासाठी स्टीम लाइनची जोडणी पुरवते आहे. बॉयलरकडून वाफ १०.५ कि.ग्रॅ./चौ.सेंमी. दाबाने येते आणि पाश्चरायझरकडे जाण्यापूर्वी तिचा दाब ३.५ पर्यंत उतरवला जातो. पुस्तिका आणि ड्रॉइंग्ज इंग्रजीत आहेत. बॉयलर व प्रक्रिया विभागातील कामगारांसाठी पुस्तिकेचा मराठी अनुवाद हवा आहे.

आधी ड्रॉइंगलाच विचारावे

ई-मेल लिहिण्यापूर्वीचे काम ई-मेलपेक्षा मोठे असते. ड्रॉइंग्जच्या संचात पहिले पान बहुतेक वेळा चिन्हे आणि लघुरूपांच्या सूचीचे असते, आणि पुष्कळदा तेच पान अनुवादकाकडे पाठवायचे राहून जाते. ते आले नसेल तर पहिली मागणी त्याचीच करावी, कारण त्या एका पानाने निम्म्या शंका मिटू शकतात. त्यानंतर व्हॉल्व्हची यादी, लाइनची यादी आणि साहित्याची यादी पाहावी. ड्रॉइंगवर स्टेनलेस स्टीलसाठी नुसते `SS` असेल, तर साहित्याच्या यादीत त्याच क्रमांकापुढे पूर्ण प्रतीचे नाव दिलेले असण्याची शक्यता मोठी असते.

लघुरूपे गोळा करताना पीडीएफमधील शोध-चौकटीवर विसंबू नये. स्कॅन केलेल्या ड्रॉइंगमध्ये ती चालत नाही, हे बहुतेकांना ठाऊक असते. पण ऑटोकॅडच्या एसएचएक्स फॉन्टमधील अक्षरेसुद्धा पीडीएफमध्ये अनेकदा नुसत्या रेषा म्हणून उतरतात. डोळ्यांना `DPT` स्पष्ट दिसते, पण शोधल्यावर ते मिळत नाही, आणि हे लघुरूप संचात एकाच ठिकाणी आहे असा गैरसमज होतो. म्हणून ड्रॉइंग विभागवार वाचावे. मोठ्या ड्रॉइंगच्या कडांना नकाशाप्रमाणे एका बाजूला अक्षरे आणि दुसऱ्या बाजूला आकडे असतात. `C-4` म्हटले की नेमका चौकोन सापडतो. प्रत्येक लघुरूपापुढे ड्रॉइंग क्रमांक, पान, आवृत्ती आणि हा विभाग लगेच टिपून ठेवावा. आवृत्तीचा क्रमांक टायटल ब्लॉकमध्ये असतो आणि तो टिपणे फार गरजेचे आहे, कारण अनुवादकाकडे आवृत्ती १ आणि डिझाइन विभागाच्या पडद्यावर आवृत्ती ३ असेल, तर दोघे वेगवेगळ्या चित्रांबद्दल बोलत राहतात.

काय विचारायचे आणि काय नाही

जमलेली सगळी लघुरूपे कंपनीकडे पाठवली, तर उत्तर येत नाही, किंवा आले तरी घाईघाईने दिलेले असते. `TYP`, `NTS`, `THK` यांचा अर्थ विचारणाऱ्या अनुवादकाच्या उरलेल्या शंकांकडेही मग कोणी गांभीर्याने पाहत नाही. ही लघुरूपे ड्रॉइंगच्या रूढ भाषेतली आहेत. अमेरिकी पद्धतीच्या ड्रॉइंगसाठी एएसएमई वाय१४.३८ या मानकात लघुरूपांचा संग्रह आहे, तर उपकरणांवरच्या टॅगमधील अक्षरांसाठी आयएसए-५.१ हे मानक आहे. इतके आपले आपण पाहून घ्यावे.

काही लघुरूपांचा अर्थ माहीत असतो, पण अनुवादात ती जशीच्या तशी ठेवायची असतात. `40 NB` याचा अर्थ नाममात्र अंतर्व्यास ४० असा आहे. त्या पाइपचा बाहेरचा व्यास प्रत्यक्षात ४८.३ मि.मी. असतो, म्हणून "४० मि.मी. व्यासाचा पाइप" असे लिहिले की कामगाराने मोजपट्टी लावताच ते चुकीचे ठरते. `IBR` म्हणजे १९५० चे भारतीय बाष्पक विनियम. हे लघुरूप पाइपच्या प्रमाणपत्रांवर आणि शिक्क्यांवर याच रूपात असते, म्हणून तेही तसेच राहू द्यावे. यांबद्दल प्रश्न नको. पहिल्या उल्लेखाला मराठी स्पष्टीकरण दिले की पुरते.

विचारायच्या लघुरूपांसाठी माझी कसोटी अशी आहे: दोन्ही अर्थ त्या जागी संभवतात का, आणि चुकीचा अर्थ घेतला तर वाचणाऱ्याच्या हातून वेगळी कृती होईल का? दोन्हींची उत्तरे "होय" असतील, तर ती शंका पहिल्या क्रमांकाची. आपल्या उदाहरणात तशी शंका `PRV` ही आहे.

`PRV` म्हणजे वाफेचा दाब घटवणारा प्रेशर रिड्यूसिंग व्हॉल्व्ह असू शकतो. जादा दाब बाहेर सोडणाऱ्या प्रेशर रिलीफ व्हॉल्व्हसाठीही हेच लघुरूप सर्रास वापरले जाते. या संचात व्हॉल्व्हच्या यादीत `PRV-101` पुढे `SET 3.5` आहे आणि `PRV-102` पुढे `SET 4.2`. ड्रॉइंगवर पहिला व्हॉल्व्ह सरळ लाइनमध्ये बसलेला आहे आणि त्याच्या पुढच्या बाजूच्या पाइपातून दाब टिपणारी बारीक नळी त्याच्याकडे परत आणलेली आहे. दुसरा फाट्यावर आहे, त्याचे चिन्ह कोनातले आहे, वर स्प्रिंग दाखवली आहे आणि त्याचा निकास छपराबाहेर नेलेला आहे. पहिला दाब घटवणारा आहे आणि दुसरा जादा दाब बाहेर सोडणारा, म्हणजेच सेफ्टी व्हॉल्व्ह, हे इतक्या खुणांवरून कळते. ४.२ हा आकडाही तेच सांगतो, कारण दाब ३.५ वर राखायचा असेल तर सेफ्टी व्हॉल्व्ह त्याहून थोड्या वरच्या दाबालाच उघडायला हवा.

मग विचारायचे काय उरते? पुस्तिकेच्या ६.३ या कलमात एक वाक्य आहे:

```
Adjust the PRV to the set pressure.
```

इथे टॅग क्रमांक नाही. दाब घटवणाऱ्या व्हॉल्व्हचा स्क्रू फिरवून दाब जुळवणे हे कामगाराचे नेहमीचे काम आहे, परंतु सेफ्टी व्हॉल्व्हची मांडणी परीक्षणानंतर सील केलेली असते आणि तिला हात लावायचा नसतो. मराठी वाक्य कोणत्याही एका बाजूने लिहिता येईल आणि व्याकरणदृष्ट्या ते निर्दोषही असेल. चुकीच्या बाजूने लिहिले, तर मात्र कामगार ज्या व्हॉल्व्हवर जोडणीची सुरक्षितता अवलंबून आहे, त्याचाच स्क्रू आवळेल. याचे उत्तर ड्रॉइंग देऊ शकत नाही. ते फक्त कंपनी देऊ शकते, म्हणून हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

`CW` ची गोष्ट निराळी आहे. दूध प्रकल्पात थंड केलेले पाणी असते, कूलिंग टॉवरचे पाणी असते आणि साधे गार पाणीही असते, आणि तिन्हींना `CW` म्हटलेले आढळते. लाइनच्या यादीत तापमान २ अंश सेल्सिअस असेल तर ते बर्फासारखे गार केलेले पाणी आहे, आणि ३२ असेल तर कूलिंग टॉवरचे. आपल्या संचातील एका लाइनपुढे तापमान दिलेले आहे आणि दुसरीपुढे नाही. विचारायचे ते या दुसऱ्या लाइनबद्दल.

`DPT` एकाच संचात दोन अर्थांनी येते, आणि शब्द शोधून सरसकट बदलण्याची सवय असलेल्यांनी इथे विशेष जपावे. पाइपच्या आयसोमेट्रिक ड्रॉइंगवर वेल्डच्या टिपेत `DPT 10%` आहे. तिथे वेल्डवरच्या भेगा रंगद्रव्याने शोधण्याची चाचणी अभिप्रेत आहे. पी अँड आयडीवर, म्हणजे पाइप आणि उपकरणांच्या जोडणीच्या आराखड्यावर, गोलातला `DPT-301` पाण्याच्या फिल्टरजवळ आहे आणि तो दोन बाजूंच्या दाबांतील फरक मोजणारा ट्रान्समीटर आहे. दोन्ही अर्थ जागेवरून निश्चित होतात, त्यामुळे हा पहिल्या क्रमांकाचा प्रश्न नव्हे. कंपनीने एका ओळीत दुजोरा दिला तरी पुरे.

आणखी एक शब्द लघुरूप नसूनही अनुवादकाला अडवतो. ढगासारख्या रेषेत घेरलेल्या आकड्याशेजारी `HOLD` लिहिलेले असते. तो आकडा अजून ठरलेला नाही, असा त्याचा अर्थ. असा आकडा पुस्तिकेतही आला असेल, तर त्याची अंतिम किंमत कधी मिळेल हे याच ई-मेलमध्ये विचारून घ्यावे, नाहीतर छापलेल्या मराठी पुस्तिकेत कच्चा आकडा पक्का होऊन बसतो.

शंकांचा तक्ता

शंका ई-मेलच्या मजकुरात न घालता सोबतच्या तक्त्यात द्याव्यात. ई-मेल समन्वयकाकडे जाते, तो ती डिझाइन विभागाकडे पाठवतो आणि तिथून ती उपकरणे पाहणाऱ्याकडे जाते. या प्रवासात मजकूर कापला जातो, पण तक्ता अखंड राहतो आणि ज्याला जी ओळ ठाऊक आहे ती तो भरतो. एका ओळीत एकच शंका असावी. शेवटचा रकाना रिकामा ठेवावा.

| क्र. | जागा | छापील मजकूर | आमचे वाचन आणि आधार | आपले उत्तर |
|---|---|---|---|---|
| १ | पुस्तिका, कलम ६.३ | `Adjust the PRV` | `PRV-101` (दाब घटवणारा) की `PRV-102` (सेफ्टी)? वाक्यात टॅग नाही. | |
| २ | पी अँड आयडी, पान २, आवृत्ती १, विभाग `C-4` | `CW` | थंड केलेले, कूलिंग टॉवरचे की साधे पाणी? लाइनच्या यादीत तापमान दिलेले नाही. | |
| ३ | आयसोमेट्रिक, पान १, आवृत्ती १, विभाग `B-2` | `DPT 10%` | वेल्डची रंगद्रव्य चाचणी. पी अँड आयडीवरील `DPT-301` हा ट्रान्समीटर. बरोबर आहे का? | |
| ४ | पी अँड आयडी, पान २, आवृत्ती १, विभाग `E-6` | `HOLD` | हा आकडा पुस्तिकेच्या कलम ४.१ मध्येही आहे. अंतिम आकडा कधी मिळेल? | |

"आमचे वाचन" या रकान्यात विचारपूर्वक लिहावे लागते. जिथे खुणा एकाच अर्थाकडे जातात, तिथे आपला अर्थ आणि त्याचा आधार लिहून "बरोबर आहे का?" असे विचारावे, म्हणजे अभियंत्याला एका शब्दात उत्तर देता येते. जिथे खरोखर दोन अर्थ उरतात, तिथे मात्र एकच अर्थ सुचवू नये. कामाच्या गर्दीत माणूस सुचवलेल्या उत्तरापुढे "होय" लिहून मोकळा होतो. म्हणून पहिल्या ओळीत दोन्ही पर्याय सारख्याच वजनाने मांडले आहेत. प्रत्येक ओळीसाठी ड्रॉइंगचा तेवढाच तुकडा कापून क्रमांकासह जोडावा. हे तुकडे कंपनीबाहेर कोणाला दाखवू नयेत आणि अनुवादकांच्या गटातही टाकू नयेत, कारण बहुतेक टायटल ब्लॉकमध्ये ड्रॉइंग गोपनीय असल्याची सूचना असते आणि ती अनुवादकालाही लागू होते.

ई-मेलचा मजकूर

विषयाच्या ओळीत कामाचा क्रमांक, शंकांची संख्या आणि कोणत्या शंकेने काम अडते हे असावे. "काही शंका" असा विषय लिहिलेली ई-मेल दुसऱ्या दिवशी शोधूनही सापडत नाही. खालील नमुन्यात मोकळ्या जागा आपल्या कामाप्रमाणे भराव्यात.

> विषय: काम क्र. ____ : स्टीम लाइन पुस्तिकेचा मराठी अनुवाद, ड्रॉइंगमधील ४ शंका (क्र. १ चे उत्तर ____ पर्यंत आवश्यक)
>
> माननीय महोदय,
>
> सप्रेम नमस्कार.
>
> आपण दि. ____ रोजी पाठवलेली चालन व देखभाल पुस्तिका आणि सोबतची ड्रॉइंग्ज (सर्व आवृत्ती १) पूर्ण वाचून झाली आहेत. अनुवाद सुरू करण्यापूर्वी काही लघुरूपांचा अर्थ आपल्याकडून निश्चित करून घेणे आवश्यक वाटते. अशा चार शंका जागेच्या तपशिलासह सोबतच्या तक्त्यात दिल्या आहेत आणि संबंधित ड्रॉइंगचे तुकडे क्रमवार जोडले आहेत.
>
> यांपैकी शंका क्र. १ सर्वांत महत्त्वाची आहे. पुस्तिकेच्या कलम ६.३ मध्ये `PRV` जुळवण्याची सूचना आहे, पण टॅग क्रमांक नाही, आणि ड्रॉइंगवर `PRV-101` व `PRV-102` हे वेगवेगळ्या कामाचे दोन व्हॉल्व्ह दिसतात. सूचना कोणत्या व्हॉल्व्हसाठी आहे हे आपल्या अभियंत्यांनी लेखी कळवावे, ही विनंती. त्याशिवाय कलम ६.३ चा अनुवाद केला जाणार नाही.
>
> शंका क्र. २ ते ४ मुळे बाकीचे काम थांबणार नाही. कलम १ ते ५ चा अनुवाद ठरल्याप्रमाणे सुरू करीत आहे. उत्तर येईपर्यंत त्या ठिकाणी मूळ लघुरूप जसेच्या तसे ठेवून पिवळ्या रंगाने खूण केली जाईल.
>
> उपकरणांवरील टॅग क्रमांक मराठी मजकुरातही रोमन लिपीतच ठेवणार आहे, जेणेकरून कामगारांना ते प्रत्यक्ष पाट्यांशी जुळवता येतील. आपल्या किंवा आपल्या ग्राहकाच्या कारखान्यात काही उपकरणांसाठी ठरावीक मराठी शब्द रूढ असतील, तर तेही कळवावेत. तसेच लघुरूपांच्या सूचीचे पान आणि आवृत्ती १ नंतर सुधारित ड्रॉइंग निघाले असल्यास ते पाठवावे.
>
> उत्तरे तक्त्यातील शेवटच्या रकान्यात लिहून तोच तक्ता परत पाठवला तरी चालेल.
>
> आपला / आपली,
> ____

या नमुन्यात एक वाक्य मुद्दाम घातलेले नाही. "अमुक दिवसापर्यंत उत्तर न आल्यास आमचे वाचन मान्य आहे असे समजू" हे वाक्य अनुवादक सर्रास लिहितात. शंका क्र. ३ सारख्या ठिकाणी त्याने फारसे बिघडत नाही. सुरक्षिततेशी संबंधित ठिकाणी मात्र मौनाचा अर्थ होकार असा लावता येत नाही, म्हणून तिथे काम थांबेल असेच स्पष्ट लिहावे. एरवी मजकूर नम्र ठेवून या एका ठिकाणी ठाम राहिलेले बरे.

मुदतही उत्तराच्या गरजेवरून ठरवावी. कलम ६.३ पर्यंत पोहोचायला चार दिवस लागणार असतील, तर उत्तर तिसऱ्या दिवशी मागावे. "ताबडतोब" लिहिले, की सगळ्याच शंका सारख्या निकडीच्या वाटू लागतात आणि एकीचेही उत्तर येत नाही.

उत्तर आल्यावर

सर्वांत जास्त येणारे आणि सर्वांत निरुपयोगी उत्तर म्हणजे "ड्रॉइंगप्रमाणे". त्यावर वाद न घालता तीच ओळ पुन्हा पाठवावी, पण आता दोन्ही संभाव्य मराठी वाक्ये लिहून: "`PRV-101` चा स्क्रू फिरवून बाहेरचा दाब ३.५ वर आणावा" आणि "`PRV-102` ४.२ दाबाला उघडतो याची खात्री करावी, सील तोडू नये". दोन वाक्ये शेजारी पाहिली की शंका कशाबद्दल आहे हे अभियंत्याच्या लगेच ध्यानात येते. दोन्ही वाक्ये हवी आहेत, पण वेगवेगळ्या कलमांत, असेही उत्तर येऊ शकते. तसे आले तर मूळ इंग्रजी पुस्तिकाच सुधारावी लागेल, आणि ते काम कंपनीचे आहे. अनुवादकाने मराठीत परस्पर दुरुस्ती करू नये, कारण मग दोन भाषांतल्या पुस्तिका एकमेकींशी जुळणार नाहीत.

फोनवर मिळालेले उत्तर त्याच दिवशी तक्त्यात लिहून परत पाठवावे: "आज दूरध्वनीवर झालेल्या बोलण्यानुसार शंका क्र. १ चे उत्तर पुढीलप्रमाणे नोंदवले आहे." विक्री विभाग आणि डिझाइन विभाग यांची उत्तरे वेगळी आली, तर दोन्ही एकाच ई-मेलमध्ये समन्वयकापुढे ठेवावीत. निवड आपण करू नये.

मधल्या काळात ड्रॉइंगची आवृत्ती २ आली, तर तक्त्यातील प्रत्येक ओळीचा विभाग नव्या पानावर पुन्हा तपासावा. डिझाइन विभाग पुष्कळदा शंकेच्या निमित्ताने लघुरूपच बदलतो. `PRV-102` चे `PSV-102` होते, कारण आयएसए-५.१ च्या पद्धतीत सेफ्टी व्हॉल्व्हसाठी हीच अक्षरे आहेत. तसे झाले तर शंका मिटते, पण जुना टॅग पुस्तिकेच्या इतर कलमांत तसाच राहिलेला असतो. असे प्रत्येक ठिकाण पुस्तिकेत शोधून त्याची यादी समन्वयकाला कळवावी, आणि कारखान्यातल्या व्हॉल्व्हवर कोणती पाटी लागणार आहे ते विचारून घ्यावे.